घरघंटी आली नाही, आणि बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिलात

*नमस्कार सर,*

*9 जानेवारीला मी मोबाईलवर जाहिरात पाहून एका वेबसाइटवरून घरघंटी मागवली. 16,990 रुपये ह्यांच्या क्रेडिट कार्डावरून भरले, ओटीपी ह्यांनीच टाकला. 20 जानेवारीपर्यंत येईल असं लिहिलं होतं. 19 तारखेला ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आलं, पण आमच्याकडे काहीही आलेलं नाही. दुकानदार आधी ‘सात दिवस थांबा’ म्हणत राहिला, आता उत्तरच देत नाही. बँकेच्या कस्टमर केअरला फ्रॉड झाला म्हणून सांगितलं. त्यांनी कार्ड ब्लॉक केलं आणि पंधरा दिवसांनी कळवलं की ओटीपी देऊन व्यवहार झालाय, त्यामुळे तक्रार बंद. ह्यांनी बिलातून तेवढी रक्कम कापून बाकीचं भरलं, तर आता व्याज लागलंय. मार्च उजाडला. पैसे परत मिळण्याची काही वाट आहे का? ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.*

*– एक गृहिणी, सांगली*

ताई, नमस्कार.

वाट आहे आणि मुदतही शिल्लक आहे. गाडी अडली ती एका शब्दावर. तुम्ही ‘फ्रॉड’ म्हणालात, म्हणून समोरच्याने फ्रॉडचा कप्पा उघडला. बोलीभाषेत तुमचं चुकलं नाही, ही फसवणूकच आहे. पण कार्डाच्या धंद्यात फ्रॉड या शब्दाला एकच अर्थ आहे: कार्डधारकाने व्यवहार केलाच नाही, दुसऱ्या कुणीतरी केला. त्या कप्प्यात बँक फक्त एवढंच तपासते की ओटीपी टाकला गेला की नाही. टाकला गेला असेल तर फाइल बंद. तुमच्या बाबतीत ओटीपी खरोखरच घरच्याच माणसाने टाकला होता, त्यामुळे त्या प्रश्नाला ते उत्तर बरोबरच मिळालं. प्रश्न मात्र चुकीचा विचारला गेला.

तुमचा कप्पा वेगळा आहे. ‘व्यवहार मीच केला, पैसे मीच दिले, वस्तू मात्र मिळाली नाही.’ बँकेच्या डिस्प्यूट फॉर्मवर तो बहुधा Goods or services not received अशा शब्दांत असतो. व्हिसाच्या नियमावलीत त्याचा क्रमांक 13.1 आहे. मास्टरकार्डमध्ये तो 4853 या क्रमांकाखाली, कार्डधारकाच्या इतर वादांबरोबर येतो. या कप्प्यात ओटीपी कुणी टाकला याला काही महत्त्व नाही. ओटीपीने सिद्ध होतं ते एवढंच की पैसे तुमच्या संमतीने गेले. दुकानदाराने माल पाठवला हे ओटीपीने सिद्ध होत नाही.

मी एका बँकेच्या कार्ड विभागात तक्रारींच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. तिथे दर आठवड्याला असा एक तरी माणूस भेटायचा, ज्याला कुणीतरी कानात सांगितलेलं असायचं की ‘व्यवहार केलाच नाही असं लिही, लवकर पैसे मिळतात.’ ते लिहिलं की त्याची केस तिथेच संपायची, कारण ओटीपीची नोंद त्याला खोटं पाडायची. त्यानंतर खरं कारण सांगायला गेलं तरी दोन परस्परविरोधी जबाब कागदावर राहायचे. तुम्ही कस्टमर केअरला तोंडी काय सांगितलंत ते ठीक आहे. आता लेखी मात्र जसं घडलं तसंच जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट: कार्ड ह्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तक्रारही त्यांच्याच नावाने, बँकेत नोंदवलेल्या त्यांच्याच ईमेलवरून गेली पाहिजे. ऑर्डर तुमच्या नावाने असली तरी हरकत नाही. एका ओळीत सांगून टाका की ऑर्डर पत्नीच्या नावे होती आणि पत्ता तोच.

आता तुमच्या स्क्रीनशॉटकडे येतो. मला वाटतं तो तुम्ही स्वतः नीट पाहिलेला नाही. ‘डिलिव्हर्ड’ या हिरव्या अक्षरांनी माणूस हबकतो आणि खालचं वाचत नाही. खाली बारीक अक्षरांत पार्सलचं वजन दिलंय: 0.45 किलो. घरघंटी म्हणजे मोटार, दगड, लाकडी किंवा पत्र्याची पेटी. दोन माणसं लागतात ती उचलायला. साडेचारशे ग्रॅममध्ये तिची पिशवीसुद्धा बसायची नाही. म्हणजे त्या दिवशी सांगलीत कुरिअरने जे पोचवलं ते पार्सल खरं होतं, ट्रॅकिंग क्रमांकही खरा होता, फक्त त्यात घरघंटी नव्हती आणि ते तुमच्या दारातही आलं नाही.

ही युक्ती आता जुनी झाली. दुकानदार त्याच पिनकोडमधल्या कुठल्यातरी पत्त्यावर एक हलकं पाकीट पाठवतो. ट्रॅकिंगवर फक्त शहर आणि पिनकोड दिसतो, घरचा पत्ता दिसत नाही. तुम्ही तक्रार केलीत की तो हेच पान काढून बँकेला देतो: बघा, सांगलीत पोचलं. कागद वरवर पाहणारा माणूस ते मान्य करून टाकतो. म्हणून तुमची सगळी केस या एका पानाभोवती फिरणार आहे, आणि ते पान दुकानदाराच्या आधी तुम्ही स्वतःच बँकेपुढे ठेवायचं आहे, वजनाखाली लाल रेघ मारून.

नियम असा आहे की माल मिळाल्याचा पुरावा द्यायची जबाबदारी दुकानदाराची असते, आणि नुसतं ‘त्या शहरात पोचलं’ एवढं पुरत नाही. ठरलेल्या पत्त्यावर, कार्डधारकाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला वस्तू मिळाली, हे त्याला दाखवावं लागतं. पण समोरून कुणी हरकत घेतलीच नाही तर अर्धामुर्धा पुरावाही चालून जातो. ती हरकत घेण्यासाठी लागणारे कागद आत्ताच गोळा करा.

सगळ्यात आधी कुरिअर कंपनी. तिच्या अधिकृत वेबसाइटवरून तक्रारीचा ईमेल पत्ता घ्या. गुगलवर शोधून सापडलेल्या मोबाईल नंबरवर फोन करू नका. ‘कस्टमर केअर’ म्हणून तिथे दुसरेच भामटे बसलेले असतात आणि रिफंडच्या नावाखाली पुन्हा ओटीपी मागतात. कुरिअरला तीन गोष्टी विचारा: हे पार्सल कोणत्या पत्त्यावर दिलं, कुणाची सही किंवा फोटो घेतला, आणि वजन किती नोंदवलं. पूर्ण पत्ता ते कदाचित सांगणार नाहीत, कारण तो दुसऱ्या कुणाचा असेल. मग प्रश्न उलटा विचारा: ‘आमचा पत्ता हा आहे, हे पार्सल इथे दिलं होतं का, हो किंवा नाही?’ एवढ्याचं लेखी ‘नाही’ मिळालं तरी त्याला सोन्याची किंमत आहे. नाहीच उत्तर आलं तर तुम्ही विचारल्याचा ईमेल तरी तारखेसह हाती राहतो. कुरिअरवाले अशा जुन्या नोंदी फार दिवस हाताशी ठेवत नाहीत, तेव्हा हे काम आजच करा.

दुसरं, दुकानदाराने काय कबूल केलं होतं त्याचा कागद. ऑर्डरचा ईमेल असेलच, त्यात वस्तूचं नाव, रक्कम, पत्ता आणि 20 जानेवारी ही तारीख आहे का ते पाहा. तारीख ईमेलमध्ये नसून फक्त वेबसाइटवर असेल तर ते पान, वेबसाइट अजून चालू आहे तोवर, पीडीएफ करून ठेवा. पानाचा पूर्ण पत्ता आणि आजची तारीख दिसली पाहिजे. वस्तूचं पानही तसंच ठेवा. त्यावर घंटीचं वजन लिहिलेलं असेल तर मग काय विचारता. दुकानदाराच्याच शब्दात ‘40 किलो’ आणि कुरिअरच्या शब्दात ‘0.45 किलो’ हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की वेगळं काही सांगावं लागत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही. क्रमांक अस्तित्वातच नसेल किंवा भलत्याच धंद्याचा निघाला तर त्याचाही स्क्रीनशॉट जोडा. हा मुख्य पुरावा नव्हे, पण वाचणाऱ्याचं मत बनवतो.

तिसरं, तुम्ही आधी दुकानदाराकडे दाद मागितली होती याचा पुरावा. हे नसेल तर बँक तुम्हाला पहिल्याच पायरीवर परत पाठवते. तुमचे ‘सात दिवस थांबा’चे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आहेत, ते तारखा दिसतील असे, वरपासून खालपर्यंत सलग घ्या. मधला एखादा रागावलेला संदेश वगळू नका. तुकडे जोडलेले दिसले की शंका येते. फोनवर बोलणं झालं असेल तर कॉल लॉगचा फोटो पुरे. शिवाय आज एक शेवटचा ईमेल करा: वस्तू मिळालेली नाही, ऑर्डर रद्द करते आहे, सात दिवसांत पूर्ण रक्कम त्याच कार्डावर परत करा. दोन महिने ‘पाठवा, पाठवा’ म्हणणारे लोक ‘आता नको, पैसे द्या’ हे वाक्य लेखी कधीच म्हणत नाहीत, आणि मग दुकानदार सांगतो की गिऱ्हाईक अजून मालाची वाट पाहतंय.

तुमच्या अपार्टमेंटला वॉचमन आणि पार्सलची वही असेल तर 19 आणि 20 जानेवारीच्या पानांचा फोटो घ्या. एवढं बास. शेजाऱ्यांची निवेदनं, शंभर रुपयांच्या स्टँपवरचं प्रतिज्ञापत्र वगैरेच्या मागे लागू नका.

एक बारीक अडचण येऊ शकते. कार्डाच्या स्टेटमेंटवर दुकानाचं जे नाव दिसतं ते वेबसाइटच्या नावाहून वेगळं असतं, कारण पैसे मधल्या पेमेंट कंपनीमार्फत जातात. स्टेटमेंटवर त्या कंपनीचं आखूड नाव आणि पुढे कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव असेल. ऑर्डर आणि व्यवहार एकच आहेत हे रक्कम आणि तारखेवरून जुळवून दाखवा. पैसे भरल्यावर त्या पेमेंट कंपनीचा एखादा ईमेल आला असेल तर तोही शोधा. त्यात पेमेंटचा क्रमांक असतो आणि त्या कंपनीकडेही तुम्ही थेट तक्रार करू शकता. दुकानदाराचे पुढचे पैसे तिच्याच हातातून जात असल्यामुळे ती कधीकधी बँकेपेक्षा लवकर हलते.

आता मुदत. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींत या कप्प्यासाठी साधारण 120 दिवस मिळतात, आणि वस्तू यायची तारीख ठरलेली असेल तर ते दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. तुमची तारीख 20 जानेवारी, म्हणजे 20 मेच्या आसपास दार बंद होईल. पण ही मुदत बँकेने केस पुढे पाठवण्याची आहे, तुम्ही बँकेत अर्ज देण्याची नव्हे. बँकेच्या स्वतःच्या अटींत स्टेटमेंटपासून याहून कमी दिवस लिहिलेले असू शकतात. बँक तो मुद्दा काढेल तर तुमची पहिली तक्रार फेब्रुवारीतच झाली आहे, तिचा क्रमांक दाखवा. म्हणूनच नवीन अर्जात जुन्या तक्रारीचा क्रमांक न विसरता लिहा. कार्ड रुपे असेल तर नियम रुपे चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे लागतात. कागद हेच, फक्त मुदत बँकेला लेखी विचारून घ्या.

‘सात दिवस थांबा’चा अर्थ आता लक्षात आला असेल. थांबायला लावणं हा दुकानदाराचा धंद्याचाच भाग असतो. दर वेळी सात दिवस दिले की 120 कधी संपतात कळत नाही.

अर्ज लांबलचक नको. कस्टमर केअरच्या फोनवर नको. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म भरा आणि सोबत ह्यांच्या ईमेलवरून खालचा मजकूर पाठवा. त्यातला ‘चार्जबॅक’ म्हणजे तुमच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत ओढून घेणं:

> माझ्या क्रेडिट कार्डावर 9 जानेवारी रोजी 16,990 रुपयांचा व्यवहार झाला. तो माझ्या संमतीने, ओटीपी देऊन झाला आहे. मी तो नाकारत नाही. त्यापोटी विक्रेत्याने एक घरघंटी 20 जानेवारीपर्यंत सोबतच्या पत्त्यावर पोचवण्याचे कबूल केले होते. ऑर्डर माझ्या पत्नीच्या नावे होती. वस्तू आजपर्यंत मिळालेली नाही. विक्रेत्याशी वारंवार संपर्क केला. संदेश सोबत जोडले आहेत. ऑर्डर रद्द करून रक्कम परत मागितली आहे. ट्रॅकिंगवर 19 जानेवारीला पार्सल पोचल्याची नोंद आहे, परंतु त्या पार्सलचे वजन 0.45 किलो असून ते आमच्या पत्त्यावर आलेले नाही. माझी आधीची तक्रार चुकून फ्रॉड या प्रकारात नोंदवली गेली होती. कृपया हा वाद ‘वस्तू मिळाली नाही’ या प्रकारात नोंदवून चार्जबॅक करावा आणि नवीन तक्रार क्रमांक कळवावा.

कार्ड ब्लॉक होऊन नवीन नंबरचं आलं असेल तरी बिघडत नाही, वाद जुन्या नंबरवरच्या व्यवहाराचा चालतो. अर्जात दोन्ही कार्डांचे शेवटचे चार आकडे द्या. पूर्ण नंबर, पिन किंवा मागचे तीन आकडे कुठेही लिहू नका.

यापुढे काय होतं ते सांगतो, म्हणजे मधल्या शांततेने घाबरायला होणार नाही. तुमची बँक ही केस कार्डाच्या नेटवर्कमार्फत, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डमार्फत, दुकानदाराच्या बँकेकडे पाठवते आणि रक्कम तिकडून ओढून घेते. तिकडची बँक ती पेमेंट कंपनीकडून वसूल करते, कंपनी दुकानदाराकडून. मग दुकानदाराला उत्तर द्यायची संधी मिळते. नियमाप्रमाणे व्हिसामध्ये साधारण 30 आणि मास्टरकार्डमध्ये 45 दिवस, पण मधली कंपनी त्याला प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी दिवस देते. त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर तो हरला. असे पळपुटे दुकानदार पुष्कळदा गप्पच बसतात, आणि तुमचं काम तिथेच होऊन जातं.

उत्तर दिलं तर ते तुमच्या बँकेकडे येतं आणि बँक तुम्हाला ईमेल करते: विक्रेत्याने ही कागदपत्रं दिली आहेत, तुमचं म्हणणं अमुक दिवसांत कळवा. दिवस मोजकेच असतात, आठवडाभर किंवा त्याहूनही कमी. सगळ्यात जास्त केसेस इथे हरल्या जातात. माणूस हरकत घ्यायला चुकलेला नसतो, त्याने ईमेलच पाहिलेला नसतो. तो स्पॅममध्ये किंवा ऑफर्सच्या ढिगात पडलेला असतो. उत्तर नाही आलं तर बँक समजते की तुम्हाला ते पटलं. तेव्हा पुढचे तीन महिने ह्यांना सांगा, रोज एकदा बँकेच्या नावाने मेलबॉक्स शोधायचा, स्पॅमसकट. कागद आले की तुमचं उत्तर तयार आहेच: वजन, कुरिअरचा ईमेल, वॉचमनची वही, आणि दुकानदाराने दिलेल्या पावतीवर सही कुणाची, पत्ता कुठला.

त्यानंतरही दुकानदार अडून बसला तर आणखी दोन पायऱ्या असतात, आणि शेवटचा निवाडा नेटवर्क स्वतः करतं. तिथवर गेलं तर हरणाऱ्या बँकेला काहीशे डॉलर शुल्क बसतं. सतरा हजारांच्या केससाठी बँक तो धोका पत्करायला सहसा तयार नसते, हे मी तुम्हाला टेबलाच्या पलीकडून सांगतो. म्हणून पहिल्याच अर्जात कागद इतके स्पष्ट असावेत की प्रकरण तिथवर जाऊच नये.

या काळात बँक कदाचित 16,990 रुपये तात्पुरते जमा करेल. ते पैसे आले असं समजू नका. निकाल विरुद्ध गेला तर तेवढेच पुन्हा वजा होतात. जमा झालेल्या ओळीत ‘तात्पुरतं’ या अर्थाचा शब्द आहे का पाहा, आणि केस बंद झाल्याचं पत्र मिळेपर्यंत ते बाजूला ठेवा.

व्याजाचं सांगतो, आणि हे ह्यांना आवडणार नाही: ती कापलेली रक्कम भरून टाका. वाद चालू आहे म्हणून बिलातली रक्कम आपोआप थांबत नाही. फ्रॉड म्हणून नोंदलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत आकार लावू नये असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात, पण आपण तर फ्रॉडच्या कप्प्यातून बाहेर पडतोय. क्रेडिट कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो असं धरलं, तर 16,990 वर महिन्याला सुमारे 595 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून सातशेच्या घरात. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की किराणा, पेट्रोल, जे काही नवीन खरेदी कराल त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं. चार महिन्यांत अठ्ठावीसशे रुपये नुसते मानापमानापोटी जातील. पैसे भरल्याने तुमचा दावा कमजोर होत नाही. अर्जाच्या शेवटी एवढं लिहा की ही रक्कम निषेध नोंदवून भरत आहे, निकाल आमच्या बाजूने लागल्यास लागलेलं व्याजही परत करावं. ते मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय नक्कीच मिळत नाही.

मधेच दुकानदाराचा फोन येण्याची शक्यता बरीच आहे, कारण चार्जबॅक झाला की त्याच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि अशा केसेस वाढल्या तर पेमेंट कंपनी त्याचं खातंच बंद करते. तो फार गोड बोलेल. ‘ताई, तुम्ही बँकेची तक्रार मागे घ्या, मी लगेच रिफंड करतो.’ क्रम उलटा ठेवा: आधी रक्कम स्टेटमेंटवर दिसू दे, मग तक्रार मागे. ‘केलाय रिफंड, दिसेल चार-पाच दिवसांत’ म्हणाला तर त्याच्याकडे एआरएन, म्हणजे त्या रिफंडचा क्रमांक, मागा. कार्डावर खरोखर रिफंड झाला असेल तर हा 23 आकडी क्रमांक तयार झालेला असतो आणि त्यावरून तुमची बँक तो शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर रिफंड झालेला नाही. आणि पैसे यूपीआयने पाठवतो, क्यूआर स्कॅन करा म्हणाला, तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही.

बँकेने हा नवा अर्जही ओटीपीचं तेच वाक्य लिहून परत पाठवला तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा, पत्ता वेबसाइटवर असतो. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते. पण तिथे दुकानदाराबद्दल लिहीत बसू नका. लोकपाल दुकानदाराचा न्याय करत नाही, तो फक्त बँकेने आपलं काम केलं की नाही हे पाहतो. तुमचं वाक्य असं हवं: ‘वस्तू न मिळाल्याचा वाद मुदतीत दिला होता, बँकेने तो त्या प्रकारात नोंदवला नाही आणि चार्जबॅक केला नाही.’ या एका वाक्यावर बँका फायली पुन्हा उघडतात, हे मी पाहिलंय.

दुकानदारावर थेट जायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीतच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यामुळे ते नंतरही करता येईल. आधी 20 मे गाठा. वेबसाइट गायब झालेली दिसली तर cybercrime.gov.in वरही नोंद करा, पण तिथेही हकीकत तीच लिहा: पैसे आम्ही दिले, वस्तू आली नाही.

आणि या सगळ्या धामधुमीत एखाद्या सकाळी खरोखरच टेम्पो दारात येऊन उभा राहिला आणि त्यात घरघंटी असली तर? असंही होतं, चार्जबॅक गेल्यावर काहींना एकदम माल सापडतो. ऑर्डर तुम्ही लेखी रद्द केलेली असेल, तेव्हा ती उतरवून घेऊ नका. पार्सल नाकारलं असं कुरिअरच्या माणसाकडून पावतीवर लिहून घ्या, फोटो काढा आणि त्याच दिवशी बँकेला कळवा. मन बदललं आणि घंटी ठेवून घेतलीत, तर तेही त्याच दिवशी कळवा आणि वाद मागे घ्या. वस्तूही घरात आणि पैसेही परत, असं झालं तर दुकानदाराकडे सही केलेली पावती असेल, आणि त्या वेळी वजन बरोबर चाळीस किलो भरेल.